दोघांचा एक पेपर आणि दोन थिसिस

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराईडवर पीएचडी करायलेय. सिनॉप्सिस झालाय, तीन महिन्यात थिसिस द्यायचाय. तीन पेपर छापून आलेत, तिन्हीत सहलेखक आहेत. दुसऱ्या पेपरात लॅबमधला एक दादा पहिला लेखक आणि मी दुसरी, आता तोही तोच पेपर त्याच्या थिसिसमध्ये घालायलाय. गाईड म्हणतात मागं रिप्रिंट जोडून दे, झालं. पण माझा चॅप्टर 4 आणि 5 म्हणजे जवळपास पेपरच आहेत, सॉफ्टवेअरवर 46 टक्के आलं. पब्लिशरची परवानगी लागते का? आणि माझं काम किती हे कुठं आणि कसं लिहायचं? पेपर आणि रिपोर्ट सोबत पाठवलेत.
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर: तिन्ही पेपर वाचले, रिपोर्टही पानापानानं बघितला, म्हणून उत्तराला उशीर झाला. परवानगीचं काम अर्ध्या-एक तासाचं आहे, ते शेवटी सांगते. तुझी खरी अडचण दुसऱ्या पेपरात आहे आणि तीन महिन्यातला जास्त वेळ तिथंच द्यावा लागणार आहे.

गाईड सर सांगायलेत ती पद्धत जुनी आहे, आमच्या वेळी सगळे तसंच करायचे, थिसिसच्या पाठीमागं रिप्रिंट शिवून द्यायचे आणि तो थिसिस लायब्ररीच्या कपाटात बसायचा. आता थिसिसची पीडीएफ शोधगंगेवर जाते आणि कुणीही ती उघडून वाचू शकतं, म्हणजे मागं जोडलेला रिप्रिंट हा नुसता पुरावा राहत नाही, पब्लिशरनं छापलेली फाईल तू सगळ्यांसाठी उघडी ठेवायलीस असा त्याचा अर्थ होतो. आणि दुसरं असं की चॅप्टर 5 वाचणाऱ्या परीक्षकाला 97 व्या पानावर कसं कळणार की हा मजकूर आधी छापलेला आहे आणि त्यात आणखी तीन माणसांची मेहनत आहे? ते चॅप्टरच्या पहिल्याच पानावर, शीर्षकाच्या खाली लिहिलेलं पाहिजे. रिप्रिंट मागं जोड, त्याला हरकत नाही, पण त्यानं ही गरज भागत नाही.

आता ते 46. त्या एका आकड्याला घाबरून काही करू नको, आधी रिपोर्टमध्ये सोर्सवार काय आलंय ते बघ. तुझ्या रिपोर्टात साधारण 29 टक्के तुझ्याच पहिल्या दोन पेपरांशी जुळतात, 8 टक्के नुसती संदर्भसूची आहे (ती चेकिंगमधून वगळायचीच राहिली, परत रन करायला सांग), आणि उरलेले 9 टक्के इकडचे तिकडचे. यूजीसीचे 2018 चे जे नियम आहेत त्यात 10 टक्क्यांपर्यंत काही कारवाई नाही, 10 ते 40 मध्ये सुधारून परत द्यायचा, त्यासाठी जास्तीत जास्त सहा महिने, 40 ते 60 मध्ये एक वर्ष थिसिस देता येत नाही आणि 60 च्या वर गेलं की रजिस्ट्रेशनच रद्द. म्हणजे काहीही न सांगता हीच फाईल दिलीस तर 46 हा आकडा तुला एक वर्ष मागं नेऊ शकतो. पण त्याच नियमात असंही आहे की परवानगी घेऊन किंवा श्रेय देऊन उद्धृत केलेलं काम, संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार हे सगळं मोजणीत धरायचं नाही. तुझे 29 टक्के त्या पहिल्या खणात बसवायचे असतील तर परवानगी आणि श्रेय दोन्ही कागदावर दिसलं पाहिजे, तोंडी सांगून चालत नाही. स्वतःचे पेपर वगळून दुसरा रिपोर्ट काढायचा का, गाईडचं त्याबद्दलचं पत्र कोणत्या नमुन्यात पाहिजे, हे तुमच्या युनिव्हर्सिटीच्या पीएचडी सेक्शनमधून लेखी घे, मैत्रिणीला तिच्या वेळी काय सांगितलं त्यावर जाऊ नको.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नको. टक्के कमी करायला शब्द बदलत बसायचं, वाक्य उलटं करायचं, हे हल्ली पुष्कळजण करायलेत आणि त्यात शास्त्रीय अर्थ मरतो, ‘ॲडसॉर्प्शन’च्या जागी काहीतरी तिसराच शब्द येतो आणि परीक्षकाला पहिल्या पानावर कळतं की हे लपवायला केलंय. त्यापेक्षा पेपरात जागा नव्हती म्हणून जे गाळलं होतं ते थिसिसमध्ये घाल. पेपरात तू लिहिलंयस की फ्लोराईड आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडनं मोजलं, एवढं एकच वाक्य. थिसिसमध्ये टायसॅब बफर कुठल्या प्रमाणात घातला, कॅलिब्रेशन कोणत्या स्टँडर्डवर आणि किती दिवसांनी परत केलं, ब्लँक किती आले, कोणते सॅम्पल परत मोजावे लागले आणि का, हे सगळं दोन-अडीच पानं सहज होईल आणि ते दुसऱ्या कुठंच छापलेलं नाही. टक्के आपोआप खाली येतात, आणि थिसिस पेपरापेक्षा जास्त काहीतरी देतो.

आता दुसरा पेपर. तुराट्यांच्या कोळशावर ॲल्युमिनाचा थर देऊन फ्लोराईड काढायचं हे काम चांगलं झालंय, आपल्याकडं तुराट्या शेताच्या बांधावर जाळून टाकतात त्याचा असा उपयोग बघून मला खरंच बरं वाटलं. लेखक चार आहेत, दादा, तू, सर आणि एक्सआरडी करून देणारे दुसऱ्या कॉलेजचे प्राध्यापक. दोन विद्यार्थ्यांनी एक पेपर दोन थिसिसमध्ये वापरणं यात चूक काही नाही, प्रयोगशाळेचं काम असंच चालतं. चूक तेव्हा होते जेव्हा दोघंही पूर्ण पेपर आपला म्हणून घालतात. माझ्याकडं काही वर्षांपूर्वी एक थिसिस तपासायला आला होता, त्यातलं एक टेबल मला ओळखीचं वाटलं, शोधगंगेवर बघितलं तर त्याच लॅबच्या आधीच्या एका थिसिसमध्ये तेच टेबल, तेच आकडे, आणि दोन्हीकडं ‘मी तयार केलेल्या नमुन्यांवर’ असं लिहिलेलं. कुणी चोरी केली नव्हती, दोघांनी मिळूनच काम केलं होतं, पण ते कुठं लिहिलेलंच नव्हतं. व्हायवा पुढं ढकलली गेली आणि त्या मुलाला, ज्यानं खरंच उन्हातान्हात सॅम्पल गोळा केले होते, आपलं काम आपलं आहे हे सिद्ध करायला चार महिने गेले.

म्हणून तू आणि दादा एका दिवशी समोरासमोर बसा, पेपरची प्रिंट काढा आणि एकेक फिगर घेऊन बाजूला पेन्सिलनं नाव लिहा. मी तुझा पेपर वाचून आणि शेवटी जे योगदानाचं निवेदन छापलंय त्यावरून जसं समजलं तसं सांगते, चुकत असेल तर तुम्ही दुरुस्त करा. फिगर 1 ते 3, म्हणजे कोळसा कसा तयार केला, एक्सआरडी आणि एसईएमचे फोटो, हे दादाचं, एक्सआरडी त्या प्राध्यापकांचं. फिगर 4 ते 6, पीएच बदलून, डोस बदलून आणि वेळ बदलून केलेले बॅच प्रयोग, हे तुझं. फिगर 8, म्हणजे खऱ्या बोअरच्या 12 पाण्यांवर घेतलेली चाचणी, हे पूर्ण तुझं आणि ते 12 बोअर तुझ्या पहिल्या पेपरातल्या सर्वेतून आलेत, त्यामुळं हाच भाग तुझ्या थिसिसचा कणा आहे. राहिली फिगर 7, आयसोथर्म. तिथं रीडिंग तू घेतलेत आणि लँगम्युअर-फ्रॉइंडलिशचं फिटिंग दादानं केलंय. भांडण झालं तर इथंच होईल, म्हणून आधीच ठरवा. माझं मत विचारशील तर ती फिगर दोघांच्याही थिसिसमध्ये येऊ दे, पण तू तुझ्या कच्च्या रीडिंगवरून फिटिंग परत स्वतः कर. दोन दिवसांचं काम आहे. व्हायवात परीक्षक बाकी काही विचारो न विचारो, लँगम्युअर का बसलं आणि फ्रॉइंडलिश का नाही हे विचारतातच, आणि तिथं ‘ते दादानं केलं होतं’ हे उत्तर तुझ्या चॅप्टरमध्ये शोभणार नाही.

एकदा ही वाटणी झाली की चॅप्टर कसा लिहायचा ते आपोआप ठरतं. फिगर 4 ते 8 तुझ्या चॅप्टरचा मुख्य भाग. फिगर 1 ते 3 मुख्य निकालात घालू नको, चॅप्टरच्या सुरुवातीला ‘वापरलेलं मटेरियल’ असा छोटा भाग कर, त्यात दीड पानात सांग की हा पदार्थ सहलेखकानं असा तयार केला, त्याचं तपशीलवार वर्णन अमुक पेपरात आहे, आणि एखादी फिगर लागलीच तर खाली स्पष्ट लिही की ही सहलेखकानं केलेली मोजणी आहे. दादाच्या थिसिसमध्ये याच्या उलट होईल.

योगदानाचं निवेदन कसं लिहायचं ते तुझ्याच चॅप्टर 5 साठी लिहून दाखवते, थिसिस इंग्रजीत आहे तर इंग्रजीत कर: ‘या प्रकरणातील भाग 5.3 ते 5.6 हे पुढील प्रकाशित लेखावर आधारित आहेत (इथं चारही लेखकांची नावं छापलेल्याच क्रमानं, जर्नल, वर्ष, डीओआय). बॅच प्रयोगांचं नियोजन, सर्व फ्लोराईड मोजण्या आणि बोअरच्या 12 नमुन्यांवरील चाचण्या मी केल्या. लेखातील भाग 3.2 आणि 3.4 चा पहिला मसुदा मी लिहिला. मटेरियल पहिल्या लेखकानं तयार केलं आणि त्याचं एसईएम विश्लेषण त्यानंच केलं, एक्सआरडी चौथ्या लेखकानं केलं. आयसोथर्मची मूळ फिटिंग पहिल्या लेखकाची असून या प्रकरणातील फिटिंग मी त्याच रीडिंगवरून नव्यानं केली आहे. भाग 5.2 मधील तपशील आणि टेबल 5.1 पूर्वी प्रकाशित नाहीत. हाच लेख पहिल्या लेखकाच्या पीएचडी थिसिसमध्येही वापरला जाणार आहे.’ नावांच्या जागी नावं घाल. शेवटचं वाक्य लिहायला लोक कचरतात, पण तेच तुला सगळ्यात जास्त वाचवतं.

त्यात बघ, एकही टक्का नाही. ‘माझं योगदान 60 टक्के’ असं लिहिलेलं मी पुष्कळ ठिकाणी बघितलंय, काही युनिव्हर्सिटींच्या फॉर्ममध्ये रकानाच असतो, असेल तर भर बापडी, पण त्यावर थांबू नको, कारण 60 टक्के म्हणजे कोणतं काम हे त्यातून कुणालाच कळत नाही. क्रियापदं लिही: मोजलं, गोळा केलं, कोड लिहिला, मसुदा लिहिला. अडचण वाटली तर क्रेडिट नावाची 14 भूमिकांची यादी आहे, पुष्कळ जर्नल तीच वापरतात आणि तुझ्या दुसऱ्या पेपरच्या शेवटी ती छापलेली आहे. तिथं तुझ्या नावापुढं `Investigation` आणि `Writing – review & editing` एवढंच आहे आणि `Writing – original draft` फक्त दादाच्या नावापुढं. आता थिसिसमध्ये तू म्हणायलीस की दोन भागांचा मसुदा तुझा. ते खरं असेल, आणि तुझ्या जुन्या ईमेलमध्ये ती वर्ड फाईल पाठवलेली असेलच, पण छापलेल्या निवेदनापेक्षा वेगळं लिहायचं तर दादाची आणि सरांची लेखी संमती त्या वाक्यासाठी मुद्दाम घे. ती मिळाली नाही तर ते वाक्य काढ, बाकीचं निवेदन तसंही पुरेसं भक्कम आहे.

सहलेखकांची संमती ही पब्लिशरच्या परवानगीपेक्षा वेगळी गोष्ट, दोन्ही लागतात. बाकीच्या तिघांना एकच मेल कर, वरचा उतारा जसाच्या तसा त्यात चिकटव आणि लिही की मी हा मजकूर थिसिसच्या चॅप्टर 5 मध्ये घालणार आहे, योगदानाचं वर्णन तुम्हाला मान्य आहे का ते याच मेलवर उत्तर देऊन कळवावं. ‘परवानगी द्यावी’ एवढंच विचारलंस तर सगळे हो म्हणतील आणि त्या होकाराला काही अर्थ राहणार नाही, त्यांनी मजकूर वाचून हो म्हटलं पाहिजे. उत्तरांच्या प्रिंट परिशिष्टात लाव, पण मेल आयडी आणि फोन नंबर झाकून, कारण ते शोधगंगेवर जाणार आहे. दुसऱ्या कॉलेजच्या प्राध्यापकांना आजच मेल टाक, बाहेरच्या माणसाचं उत्तर यायला वेळ लागतो.

आता पब्लिशर. पेपर छापताना कॉपीराईटचा जो फॉर्म भरला जातो त्यात बहुतेक वेळा हक्क पब्लिशरकडं जातात, म्हणून ‘पेपर माझाच आहे, परवानगी कशाला’ हे बरोबर नाही. पण मोठ्या पब्लिशरांनी थिसिससाठी लेखकाला वाट मोकळी ठेवलेली असते. तुझा पहिला पेपर स्प्रिंगर नेचरचा, तिथं लेखकाला स्वतःच्या थिसिसमध्ये छापील स्वरूपातला पेपर पूर्ण किंवा थोडा वापरायचा हक्क आहे, संदर्भ नीट द्यायचा ही अट. दुसरा एल्सेविअरचा, तिथंही लेखकाला हक्क आहे, थिसिस धंद्यासाठी छापला जात नसेल तर. तरी कागद हातात पाहिजे, म्हणून एल्सेविअरच्या पेपरच्या पानावर `Get rights and content` वर आणि स्प्रिंगरच्या पानावर `Reprints and permissions` वर क्लिक कर, राईट्सलिंकचं पान उघडतं, तिथं थिसिससाठी वापर हा पर्याय निवड. एल्सेविअरच्या बाबतीत तिथंच लिहून येतं की लेखक म्हणून तुम्हाला वेगळी परवानगी लागत नाही, मूळ जर्नलचा उल्लेख करा. ते पान तारखेसकट पीडीएफ करून परिशिष्टात लाव. पैसे मागितले तर थांब, बहुतेक वेळा आपण लेखक आहोत हा पर्याय निवडायचा राहिलेला असतो. इंजिनीअरिंगची मुलं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी, आयईईईचं थोडं वेगळं आहे, शोधगंगेसारख्या ठिकाणी जाणाऱ्या थिसिसमध्ये ते छापील पीडीएफ चालू देत नाहीत, स्वीकारलेली आवृत्ती घालायची असते आणि सोबत त्यांचं ठरलेलं कॉपीराईटचं वाक्य. शिवाय बराचसा मजकूर घ्यायचा असेल आणि तुम्ही मुख्य लेखक नसाल तर मुख्य लेखकाचीही मान्यता घ्यायला ते सांगतात.

तिसरा पेपर, तो रिव्ह्यू, ओपन ॲक्सेस आहे, सीसी बाय लायसन्स, म्हणून तुला वाटलं असेल तिथं काहीच लागत नाही. पण त्यातली फिगर 2 बघ, फ्लोराईडच्या पट्ट्यांचा नकाशा, तो तुमचा नाही, दुसऱ्यांच्या पेपरातून घेतलाय आणि खाली ‘परवानगीनं’ असं छापलंय. ती परवानगी त्या जर्नलमधल्या त्या लेखापुरती होती, ती तुझ्या थिसिसला लागू होत नाही आणि सीसी बायमध्येही ती येत नाही. नकाशाच्या मूळ पब्लिशरकडं थिसिससाठी नव्यानं अर्ज कर. खरं तर मी म्हणेन तो नकाशा सोडूनच दे. तुझ्याकडं स्वतःच्या सर्वेचे बोअर आहेत, जीपीएस आहे, किनवट भागातल्या ग्रॅनाईटच्या पट्ट्यातले आकडे आहेत, त्याचा नकाशा तूच कर.

आणि ही परवानगी थिसिसपुरतीच आहे हे ध्यानात ठेव. पीएचडी मिळाली की ‘थिसिसचं आयएसबीएनसकट पुस्तक करून देतो’ असे मेल तुला येतील, आपल्याकडं पुष्कळजण करतातही. ते विकायचं पुस्तक झालं, वर सांगितलेली धंद्याची अट तिथं मोडते, तेव्हा चॅप्टर 4 आणि 5 साठी नव्यानं परवानगी लागेल आणि त्याला पैसेही पडू शकतात.

शेवटचं एक विचारून घे, दादाचा थिसिस तुझ्या आधी जाणार आहे का. त्याचा आधी गेला आणि चेकिंगच्या साठ्यात बसला तर तुझा मजकूर नुसता पेपरशी नाही, त्याच्या थिसिसशीही जुळताना दिसेल, आणि पेपरात नसलेलं एखादं वाक्य दोघांच्या फाईलमध्ये सारखं असलं, जे एकाच लॅबमध्ये मेथडच्या भागात हमखास होतं, तर ते सांगणं अवघड जाईल. त्यामुळं मेथड तू तुझ्या लॅबबुकवरून लिही, त्याच्या फाईलवरून नाही, आणि दोघांची निवेदनं एकाच दिवशी सरांच्या सहीनं पक्की करून एकेक प्रत दोघांकडं ठेवा.